आधी नेमणूकपत्र, मग लग्नपत्रिका

२०२५ च्या दिवाळीनंतर रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातून एका शिक्षिकेने आपल्या मावशीला भ्रमणध्वनीवरून एक दीर्घ संदेश पाठविला. संदेश म्हणजे जवळजवळ पत्रच होते. पूर्वी अशी पत्रे आंतर्देशीय पत्रावर मावेनाशी होत आणि समासातही मजकूर चढत असे. आता ती बोटाने वर सरकवीत वाचावी लागतात, एवढाच फरक. मावशीने तिच्यासाठी एक स्थळ आणले होते. मुलगा पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरीस, घरचे चांगले, मागणी काही नाही. अट एकच, तीही अट म्हणून नव्हे तर सोय म्हणून सांगितलेली: मुलीने कोकणातली नोकरी सोडून पुण्यास यावे, ‘तिथे शाळांना काय तोटा आहे?’ भाचीने नकार दिला. मावशी दुखावली. दिवाळीत भेट झाली तेव्हा दोघी या विषयावर बोलल्याच नाहीत, आणि जे समोरासमोर बोलता आले नाही ते भाचीने परत आपल्या खोलीवर पोहोचल्यावर लिहून काढले.

या मुलीचे वय सत्तावीस. मावशीच्या हिशेबाने हे वय फार झाले, आणि हा हिशेब केवळ मावशीचा नव्हे. विवाहमंडळाच्या वहीत पंचविशीनंतर मुलीच्या नावापुढे येणारी स्थळे कशी बदलत जातात, हे ज्यांनी मुली उजविल्या आहेत त्या सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा मावशीची काळजी खोटी म्हणता येत नाही. भाचीनेही ती खोटी ठरविलेली नाही. तिने आरंभीच लिहिले आहे: ‘मावशी, मला लग्न करायचं नाही असं मी कधीच म्हटलं नाही. तू तसं सगळ्यांना सांगू नकोस. मला नोकरीनंतर करायचं आहे, आणि नोकरीनंतर म्हणजे नोकरी सोडल्यानंतर नव्हे.’

या वाक्यातला भेद सूक्ष्म आहे. तो समजण्यासाठी ही नोकरी कशी मिळाली आणि आज ती कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहिले पाहिजे. स्थळे सुचविणाऱ्या मंडळींना बहुधा याची कल्पना नसते. ‘नोकरी’ हा शब्द ते ‘घर’ किंवा ‘सायकल’ या शब्दांसारखा वापरतात, जणू ती एक वस्तू आहे आणि एका गावी ठेवून दुसऱ्या गावी दुसरी घेता येते.

मुलगी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्याची. बारावीनंतर दोन वर्षांची शिक्षणशास्त्राची पदविका तिने २०१८ मध्ये पूर्ण केली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक व्हायचे तर आज केवळ पदविका पुरत नाही. आधी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ही दुसरी चाचणी दोनशे गुणांची, दोनशे प्रश्नांची, दोन तासांत संगणकावर सोडवायची. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकार नाही. मिळालेल्या गुणांवर राज्यभराची गुणवत्ता लागते, आणि ‘पवित्र’ या शासकीय प्रणालीवर उमेदवाराने जे पसंतिक्रम भरले असतील त्यांतून जागा पदरात पडते.

अडचण चाचणीच्या काठिण्याची नव्हती. ती केव्हा होईल याची होती. पहिली चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली. तेव्हा ही मुलगी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात होती, म्हणून ती हुकली. दुसरी चाचणी झाली २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधली पाच वर्षे तिने एका खासगी शाळेत काढली. तिथला पगार, तिच्याच शब्दांत, ‘सांगायला लाज वाटावी इतका आणि सोडायला भीती वाटावी इतका’ होता. करोनाच्या काळात तोही अर्ध्यावर आला. दोन स्थळे त्याच काळात येऊन गेली, आणि ती मोडली ती तिने नोकरीचा हट्ट धरला म्हणून नव्हे, तर तिला ‘अजून काही लागलेले नाही’ म्हणून. मावशीला हे आठवत असेल असे भाचीने मुद्दाम लिहिले आहे. तेव्हा नोकरी नाही म्हणून स्थळ गेले. आता नोकरी आहे म्हणून जाते. विवाहाच्या बाजारातला हा विरोधाभास विनोदी वाटतो खरा, परंतु ज्या मुलीच्या बाबतीत तो घडतो तिला त्यात हसू येत नाही.

२०२४ मध्ये तिला रत्नागिरी जिल्हा परिषदेची नियुक्ती मिळाली. समुपदेशनाच्या दिवशी रिकाम्या शाळांची यादी समोर ठेवली गेली, गुणानुक्रमे नावे पुकारली गेली, आणि तिच्या वाट्याला वर्गखोल्या दोन, शिक्षक दोन, पट सतरा अशी एक शाळा आली. कोकणातील डोंगराळ वाड्यांवर अशा शाळा पुष्कळ आहेत. तिथे एक शिक्षक रजेवर गेला की दुसऱ्याला सर्व वर्ग एकत्र बसवून शिकवावे लागते.

आता ती शिक्षिका आहे खरी, पण पूर्ण शिक्षिका नाही. महाराष्ट्रात २००० पासून ‘शिक्षण सेवक’ योजना आहे. नव्याने लागलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काम करायचे. सेवा समाधानकारक ठरली तर त्यानंतर त्यास नियमित वेतनश्रेणी मिळते. प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन बराच काळ महिना ६,००० रुपये होते. २०२३ च्या जानेवारीपासून ते १६,००० झाले. श्रेणीत गेल्यावर मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि वर महागाई भत्ता व इतर भत्ते मिळतात. म्हणजे तीन वर्षांचा उंबरठा ओलांडताना उत्पन्न दुपटीहून अधिक होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोकरी ‘आपली’ होते. उंबरठ्याच्या अलीकडे राजीनामा दिला तर हाती काहीच उरत नाही. केलेली दोन वर्षे पुढच्या नोकरीत धरली जात नाहीत. पुन्हा चाचणी, पुन्हा गुणवत्ता यादी, पुन्हा पहिल्या दिवसापासून तीन वर्षे. २०२३ नंतरची चाचणी २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली, त्यापुढची केव्हा होईल हे सांगता येत नाही. भाचीची तीन वर्षे २०२७ मध्ये पुरी व्हायची आहेत. ‘दोन पावलं उरली असताना मला जिना उतरायला सांगू नकोस,’ असे तिने लिहिले आहे, ते अक्षरशः खरे आहे.

यावर मावशीचे उत्तर ठरलेले होते, आणि ते स्थळवाल्यांनीही दिले होते: ‘मग बदली करून घे पुण्याला.’ हे वाक्य घरोघरी उच्चारले जाते. त्यामागे सद्भाव असतो, माहिती नसते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाची सेवा ही जिल्ह्याची सेवा आहे. सेवाज्येष्ठतेची यादी जिल्ह्याची, पदे जिल्ह्याची, बिंदुनामावली जिल्ह्याची. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाणे ही साधी बदली नव्हे. त्याला आंतरजिल्हा बदली म्हणतात आणि तिचे धोरण शासन वेळोवेळी बदलत असते. ज्या जिल्ह्यात जायचे तिथे आपल्या प्रवर्गाची जागा रिकामी असावी लागते. पुणे जिल्ह्यात यावे असे वाटणारे शिक्षक रत्नागिरीत यावे असे वाटणाऱ्यांपेक्षा किती अधिक असतील, हे सांगण्यास आकडे नकोत. आणि बदली मिळालीच, तर जुन्या जिल्ह्यातील ज्येष्ठता तिथेच राहते; नव्या जिल्ह्यात शिक्षक यादीच्या तळाशी बसतो.

नवरा-बायकोस एकत्र आणण्याची तरतूद या धोरणांत असते, आणि मावशीने बहुधा तिच्याविषयीच कुठेतरी ऐकले असावे. परंतु ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ याचा लाभ मिळतो तो दोघेही शासकीय, निमशासकीय किंवा तत्सम सेवेत असतील तर. पुण्यातील खासगी कंपनीतला नवरा, तो कितीही मिळवता असला तरी, या यादीत बसत नाही. म्हणजे मावशीने आणलेले स्थळ स्वीकारून बदलीची वाट पाहणे याचा व्यवहारातील अर्थ एकच: काही महिने ओढाताण, मग बिनपगारी रजा, मग राजीनामा. पाहणारे म्हणतील, ‘तिनेच सोडली.’ अशा रीतीने सोडल्या गेलेल्या नोकऱ्यांच्या कागदावर कोणाचीच सक्ती नोंदविलेली नसते. राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहायचे असते.

येथवर भाचीचा युक्तिवाद व्यवहाराचा आहे. एखादा चाणाक्ष मध्यस्थ म्हणेल, ‘ठीक, तीन वर्षे थांबू, मग तर हरकत नाही?’ परंतु संदेशाचा गाभा पुढे आहे, आणि तो मावशीच्या एका प्रश्नाला धरून आहे. दिवाळीच्या आधी दूरध्वनीवर मावशी म्हणाली होती: ‘तुला काय कमी आहे म्हणून एवढी नोकरीची धडपड?’

हा प्रश्न या एका मावशीचा नाही. तो महाराष्ट्रातील मध्यम वर्गाच्या मनात शंभर वर्षांहून अधिक काळ मुरलेला आहे, आणि त्याचे मूळ आदरणीय आहे. येथे स्त्रीने शिकून कमवावे हा विचार प्रथम रुजला तो प्रामुख्याने विधवांच्या निमित्ताने. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास नेला, आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या अनेक स्त्रिया शिक्षिका झाल्या. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने शिक्षिका आणि परिचारिका घडविल्या. ज्यांचे छत्र हरपले त्यांना स्वतःच्या पायावर उभे करण्याचे हे कार्य होते, आणि त्याची थोरवी कमी करण्याचे कारण नाही. मात्र त्याबरोबरच समाजाच्या मनात एक समीकरणही बसले. स्त्रीची नोकरी म्हणजे संकटातला आधार. कपाळ मोडले तर नोकरी, नवऱ्याने टाकले तर नोकरी, घरात कमावते माणूस नसले तर नोकरी. सर्व काही ठीक असताना मुलगी नोकरीला चिकटून बसली तर तिच्यात किंवा तिच्या घरात काहीतरी उणे असले पाहिजे, असा अर्थ निघतो. ‘तुला काय कमी आहे’ या शब्दांत तो अर्थ आहे.

भाचीने या प्रश्नाचे उत्तर देताना मावशीचेच आयुष्य समोर ठेवले आहे. तिने ते फार जपून केले आहे. संदेशाचा हा भाग लिहिण्यास तिला सर्वांत अधिक वेळ लागला असावा. मावशीने १९८८ मध्ये डी.एड. केले. त्या काळी पदविकेनंतर फार वाट पाहावी लागली नाही, आणि त्याच वर्षी करमाळा तालुक्यातील एका शाळेवर तिची नेमणूक झाली. १९८९ मध्ये लग्न झाले. नवरा मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या कार्यालयात लिपिक. ‘कशाला दोन गावी दोन चुली’ म्हणून तिने राजीनामा दिला. त्यात कोणी जुलूम केला नाही. संसार चांगला झाला, नवरा शांत स्वभावाचा होता, मुले शिकली. २०११ मध्ये नवरा सेवेत असतानाच हृदयविकाराने गेला. मावशी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती.

त्यानंतर तिने अनुकंपा नियुक्तीसाठी अर्ज केला. सेवेत असताना कर्मचारी मरण पावला तर त्याच्या कुटुंबातील एकास ‘क’ किंवा ‘ड’ गटातील पद द्यावे अशी ही योजना आहे. अर्ज मुदतीत गेला, कागद पुरे होते, नाव प्रतीक्षा यादीत आले. यादी मात्र लांब होती आणि तिच्यासाठी राखलेल्या जागा थोड्या. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वयाची पंचेचाळीस वर्षे झाली की यादीतून नाव कमी होत असे. मावशीचे नाव २०१३ मध्ये कमी झाले. एकेकाळी जिल्हा परिषदेने तिला तिच्या गुणांवर नेमले होते. पंचवीस वर्षांनी तसल्याच कार्यालयाच्या दारात ती नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन उभी राहिली, आणि तेव्हा ती अपात्र होती. मावशी उपाशी राहिली नाही, हे सांगितले पाहिजे. नवऱ्याचे कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळते. पण ते त्याच्या सेवेचे आहे. तिची स्वतःची सेवा एका वर्षाची.

भाचीचे शब्द असे: ‘मावशी, तू राजीनामा दिलास ते चूक केलंस असं मी म्हणत नाही. तेव्हा तुला कोणी दुसरा रस्ता दाखवला नाही. पण तुझ्या पेटीत तो करमाळ्याचा आदेश अजून आहे, हे मला माहीत आहे. मी नववीत असताना तूच दाखवला होतास. नको असलेला कागद माणूस इतकी वर्षं जपून ठेवत नाही. तू नोकरीत राहिली असतीस तर २०२६ मध्ये अठ्ठावन्न वर्षांची होऊन स्वतःच्या निवृत्तिवेतनावर घरी आली असतीस. मला काय कमी आहे असं तू विचारतेस. मला काही कमी नाही. म्हणूनच आत्ता नोकरी हवी. कमी पडल्यावर ती मिळत नाही, हे मी तुझ्याकडे बघून शिकले.’

नोकरी हा संकटातील आधार आहे असे मानले तरी, संकट आल्यावर ती शोधायची म्हटले तर वयाची मर्यादा, परीक्षांची अनिश्चिती आणि प्रतीक्षा यादी यांनी दार बंद झालेले असते. आधार हवा असेल तर तो आधीच उभा असावा लागतो, ही बाब आयुर्विमा घेणाऱ्या प्रत्येक गृहस्थास कळते. मुलीच्या बाबतीत मात्र ती अमंगळ वाटते.

लग्न झाल्यावर नोकरी शोधली तर काय बिघडले, या आक्षेपालाही संदेशात उत्तर आहे. भाची लिहिते की लग्नाआधी नोकरी असली की दोन्ही घरांत प्रश्न निघतो तो ‘आता राहायचं कुठं’ असा. लग्नानंतर शोधायची झाली की प्रश्न होतो ‘करू का?’ असा. पहिला प्रश्न दोघांनी मिळून सोडवायचा असतो, दुसरा एकीने विचारायचा आणि इतरांनी उत्तर द्यायचे. मावशीच्या स्थळवाल्यांनी ‘नोकरी करायला आमची काही हरकत नाही’ असे सांगितले होते. वरपक्षाच्या तोंडी हे वाक्य आज सर्रास असते आणि ते उदारपणाचे समजले जाते. वस्तुतः ज्याची हरकत घेण्याचा अधिकार गृहीत धरलेला असतो त्यानेच हरकत नसल्याचे सांगायचे असते. मुलाच्या नोकरीविषयी कोणी असे वाक्य उच्चारीत नाही. भाचीने स्थळाच्या पारखीची एक साधी खूण मावशीला कळविली आहे. ‘नोकरी चालेल’ म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे: हीच नोकरी, याच गावी, निदान २०२७ पर्यंत चालेल का? आणि मुलगा महिन्यातून दोन शनिवार पुण्याहून देवरुखची रात्रीची गाडी धरील का? पुण्याच्या मुलाला हे विचारले गेले तेव्हा त्याने स्वतः काही सांगितले नाही; त्याच्या आईने सांगितले, की त्याला प्रवास सोसत नाही.

नोकरी की लग्न हा संघर्ष पूर्वी घरात नव्हे, कचेरीत होता, याचे विस्मरण होऊ नये. मुंबईतील एका औषध कंपनीत वेष्टन आणि चिठ्ठ्या लावण्याच्या विभागात अविवाहित मुलींनाच घेत, आणि लग्न होताच त्यांची नोकरी आपोआप संपे. कामगार संघटनेने हा प्रश्न लढविला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीचे म्हणणे असे की काम गटाने करायचे असते, हजेरी नियमित हवी, आणि विवाहित स्त्रियांच्या गैरहजेऱ्या अधिक असतात. १९६५ मध्ये न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला. विवाहित स्त्रीची गैरहजेरी अविवाहितेहून अधिक असते असे मानण्यास आधार नाही. फरक काय तो बाळंतपणाच्या रजेचा, आणि त्यासाठी काही जादा माणसे राखून ठेवता येतात, असे त्यात सांगितले गेले. या विचारात एक साधी गोष्ट होती: अडचण असेल तर व्यवस्थेने थोडे सरकावे, बाईला घरी पाठवू नये.

न्यायालयांची वाट पुढे सरळ गेली असे मात्र नाही. हवाई सुंदरींच्या १९८१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गर्भारपणात नोकरी संपविणारी अट रद्द केली, पण सेवेच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी जाईल ही अट वाजवी मानली. लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी स्त्रीला लग्न केले म्हणून १९८८ मध्ये सेवामुक्त करण्यात आले होते. तो नियम अवैध होता आणि तिला ६० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०२४ च्या फेब्रुवारीत. १९८८ म्हणजे मावशीला करमाळ्याची नेमणूक मिळाली ते वर्ष. एकीला सरकारने काढले आणि तिला छत्तीस वर्षांनी का होईना न्याय मागता आला. दुसरीने पुढच्याच वर्षी स्वतःच्या सहीने राजीनामा दिला. तिची तक्रार कोणत्या न्यायालयात चालणार?

मालकाला आता ‘लग्न केलेस, जा’ असे म्हणता येत नाही. तीच अट वरपक्षाच्या बैठकीत सोयीच्या रूपाने येते, आणि तिच्यावर अपील नाही. ज्या घरात हुंड्याचा शब्दही निघत नाही, तिथेही ती निघते, कारण ती मागणी आहे असे कोणाला वाटतच नाही. एका मुलीने दहा वर्षांच्या खटपटीने मिळविलेले पद सोडून द्यावे, याची किंमत काढली तर ती कोणत्याही हुंड्याहून मोठी भरेल. पण ती कोणाच्याच हाती रोख पडत नाही, म्हणून मोजली जात नाही.

तथापि भाचीच्या बाजूने सगळेच सोपे आहे असे भासविणे अन्यायाचे होईल. नोकरी म्हणजे स्वातंत्र्य, हे समीकरणही पूर्ण खरे नाही. पगार स्वतःच्या खात्यात जमा होतो आणि बँकेचे कार्ड नवऱ्याच्या खिशात असते, अशा शिक्षिका प्रत्येक शाळेत सापडतील. स्त्रीने स्वकष्टाने मिळविलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची, असे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आहे. परंतु ज्या घरात महिन्याच्या एक तारखेला सासरा ‘पगार झाला का’ विचारतो, तिथे कलम दाखविता येत नाही. भाचीला हे माहीत आहे. तिने लिहिले आहे की तिच्याच केंद्रातील एक बाई अठरा वर्षे नोकरीत आहेत आणि माहेरी जायला भाडे मागतात. नोकरी असली तर असे होत नाही, हा तिचा दावा नाही. नोकरी असली तर असे झाल्यावर उठून जाता येते, इतकाच आहे. शिवाय संगमेश्वर तालुक्यातील पावसाळा, आठ-आठ दिवस गेलेली वीज, खोलीवरचा एकटेपणा, आजारी पडल्यावर पेज करून देणारे कोणी नसणे, हे सर्व तिने लपविलेले नाही. १६,००० रुपयांतून खोलीचे भाडे, जेवण आणि प्रवास वजा जाऊन ती घरी ५,००० पाठविते. त्यात धाकट्या भावाचे शिक्षण चालू आहे. लग्न लांबविण्याचे हेही एक कारण आहे, आणि ते तिने शेवटी, एका ओळीत, जवळजवळ संकोचाने सांगितले आहे. मुलगा असता तर हेच कारण सर्वांत आधी आणि अभिमानाने सांगितले गेले असते.

संदेशाच्या अखेरीस तिने मावशीपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. नियमित वेतनश्रेणीचा आदेश हाती येईपर्यंत साखरपुडा नको. त्यानंतर स्थळे मावशीनेच पाहावीत, कारण तिच्याइतकी माणसांची पारख घरात दुसऱ्या कोणाला नाही. मुलगा रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा कोल्हापूरकडचा असावा. आंबा घाट ओलांडला की कोल्हापूर, तिथवर येणे-जाणे जमते. शासकीय सेवेत असला तर पुढे एकत्रीकरणाचा उपयोग होईल, पण नसला तरी चालेल. फक्त त्याने जागा बदलण्याची शक्यता स्वतःच्या बाजूनेही एकदा विचारात घेतलेली असावी. पुण्याच्या मंडळींना नकार कळविताना मुलीचा स्वभाव हट्टी आहे असे सांगू नये, तारीख सांगावी.

मावशीने दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी तिने पुण्यास दूरध्वनी करून ‘मुलीची २०२७ पर्यंत सोय नाही’ असे कळविले. भाचीला तिने एवढेच विचारले, की त्या श्रेणीच्या आदेशावर सही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची असते की शिक्षणाधिकाऱ्याची. आणि आदेश निघाला की त्याची एक छायाप्रत तिला हवी आहे.